नॅचरल की सायकल? दोन्ही जवळून बघितलंय म्हणून लिहितोय

आमच्या भांडुपच्या जिममध्ये दर दोन महिन्यांनी एक तरी पोरगा बाजूला घेऊन हळूच विचारतो, दादा एक सायकल मारू का, एकच, बारा आठवड्यांची. सायकल म्हणजे मसलसाठी ठरावीक आठवडे बाहेरून टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घ्यायची, आणि नॅचरल म्हणजे तसलं काही न घेता नुसता व्यायाम आणि जेवण. वय विचारलं तर एकोणीस, जिमला येऊन झालेत आठ महिने. मी नॅचरल राहिलो आणि माझ्यासोबत २०१६ ला सुरू केलेल्या मित्राने सायकल मारली, त्यामुळे दोन्ही बाजू बघितल्यात. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो.

आधी नॅचरलचा हिशेब, कारण सगळ्यांचा घोळ तिथेच असतो. मी बावीस वर्षांचा, ५८ किलो, पाच फूट सात. पहिल्या वर्षाअखेर काटा ६५.५ वर. आईने शेजारच्या काकूंना बोलावून दाखवलं वगैरे, पण ते साडेसात किलो सगळे मसल नव्हते, थोडं पाणी, थोडी चरबी, कंबर पण इंचभर वाढलेली. धर पाच किलो खरे. दुसऱ्या वर्षी अडीच. तिसऱ्या वर्षी दीड, चौथ्या वर्षी एक पण नाही. म्हणजे चार वर्षांत दहाच्या आत-बाहेर, आणि दरवर्षी आधीच्या निम्म्यावर येतं असं साधारण समज. ज्यांचं जेवण-झोप माझ्यापेक्षा चांगली ते पहिल्या वर्षी सात-आठ पण काढतात, मी रात्री बाराला झोपून सहाची लोकल पकडणारा माणूस. पण कोणी नॅचरलमध्ये तिसऱ्या वर्षी सात किलो मसल चढवले म्हणत असेल तर एकतर चरबी मोजतोय नाहीतर थापा मारतोय. ओळखायचं कसं, तर काटा आणि कंबरेचा टेप एकत्र बघायचा. वजन वाढतंय, बेंच वाढतोय आणि कंबर आहे तिथेच आहे, तर मसल. वजनासोबत कंबर पण पळतेय तर वडापाव.

आता सायकल. माल काम करत नाही असं सांगणारे खोटं बोलतात, आणि म्हणूनच पोरं त्यांचं बाकीचं पण ऐकत नाहीत. १९९६ साली अमेरिकेत भसीन नावाच्या डॉक्टरांच्या टीमने हे नीट तपासलं होतं, दहा आठवडे, आठवड्याला ६०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन. नुसता व्यायाम केलेल्यांचं चरबी सोडून वजन सरासरी दोन किलोच्या आसपास वाढलं, व्यायाम अधिक इंजेक्शनवाल्यांचं सहा किलो. आणि इंजेक्शन घेऊन व्यायाम न करणाऱ्यांचं पण तीनच्या वर! हे वाचून माझी पण झोप उडाली होती. २०१८ च्या सुरुवातीला मित्राने सायकल चालू केली तेव्हा मी पण पैसे बाजूला काढून ठेवले होते, त्याचं बघून मग मारू म्हणून.

त्याचं झालं असं की ६८ चा ७७ झाला, बारा आठवड्यांत. खांदे असे भरले की दादरला उतरताना माणसं आपोआप बाजूला व्हायची. चेहरा पण गोल झालेला, ते पाणी, पण तेव्हा आम्हाला तो पण मसलच वाटत होता.

शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत म्हणाला निपल खाजतायत. गंजीला घासून असेल म्हणून सोडून दिलं. मे महिन्यात सायकल संपली, जुलैत गुरुपौर्णिमेला पथकाचा दहीहंडीचा सराव सुरू झाला. एवढी बॉडी म्हणजे अर्थात खालचा थर. खालच्या थरात छाती पुढच्याच्या पाठीला चिकटवून, हात गुंफून उभं राहायचं असतं, वरून वजन येतं. दुसरा थर चढायला लागला आणि हा ओरडला, थांबवा थांबवा. सगळ्यांना वाटलं खांदा निखळला. खांदा नाही, निपल. मैदानाच्या कोपऱ्यात टी-शर्ट वर करून मला दाखवलं, निपलच्या मागे बरोबर मध्ये सुपारीएवढी कडक गाठ, हात लावला तरी कळ. चरबी असते तर मऊ लागते आणि दुखत नाही, ही गाठ वेगळीच. जिममध्ये याला गायनो म्हणतात. आपल्या शरीरात टेस्टोस्टेरॉनचं काही प्रमाणात इस्ट्रोजेन होतच असतं, बाहेरून एवढं ओतलं की इस्ट्रोजेन पण वाढतं आणि पुरुषाच्या छातीतली जी ग्रंथी झोपलेली असते ती वाढायला लागते. सुरुवातीलाच डॉक्टरकडे गेलं तर गोळ्यांनी कधीकधी बसते. जुनी होऊन कडक झाली की डाएट, पुशअप, काही उपयोग नाही, ऑपरेशनच.

माझा निर्णय त्या मैदानात झाला, खरं सांगतो. हार्ट, लिव्हर हे सगळं वाचलेलं होतं, पण वाचलेलं अंगाला लागत नाही. ज्या बॉडीसाठी एवढं केलं ती घेऊन माणूस पावसाळ्यात दोन टी-शर्ट घालून फिरतोय आणि ट्रेनच्या गर्दीत बॅग छातीवर धरून उभा राहतोय, हे मला झेपलं नाही.

दुसरी गोष्ट उशिरा कळली. बाहेरून टेस्टोस्टेरॉन यायला लागलं की मेंदू अंडकोषांना ऑर्डर पाठवायचं बंद करतो, माल भरपूर आहे मग फॅक्टरी कशाला चालवू. सायकल संपते तेव्हा बाहेरचा पुरवठा बंद आणि फॅक्टरी पण बंद. ऑगस्टमध्ये त्याचा रिपोर्ट आला, टेस्टोस्टेरॉन ९२, जिथे नॉर्मल साधारण ३०० ते १००० धरतात, आणि मेंदूची ऑर्डर म्हणजे एलएच जवळजवळ शून्य. तेवीस वर्षांचा पोरगा, सकाळी उठायची इच्छा नाही, बाकीच्या इच्छांचं तर विचारू नका. त्याला आठ-नऊ महिन्यांत परत आलं, काहींना वर्षाच्या वर लागतं, काहींचं पूर्ण येतच नाही. आणि या काळात मसल उतरतं, ७७ चा ७० झाला. म्हणजे पाणी-बिणी जाऊन निव्वळ दोन किलो राहिले. त्याच वर्षी मी गपचूप अंडी-चणे खाऊन दीड किलो कमावले होते.

प्रत्येकाचं असंच होतं असं नाही म्हणत. गायनो काहींना अजिबात येत नाही, काहींचं मसल जास्त टिकतं. पण कोणाला येणार हे आधी कळत नाही, आणि त्या बाटलीत लेबलवर लिहिलंय तेच आहे का हे पण कळत नाही, आमच्याकडे तर सप्लिमेंटवाला पिशवीतून काढून द्यायचा.

एकोणीस वर्षांच्याला तर मला हा सौदा अजूनच खोटा वाटतो. अठरा-एकोणीसला काहींची उंची अजून थोडी बाकी असते, आणि ज्या इस्ट्रोजेनने गायनो होतं त्यानेच हाडांची वाढीची टोकं लवकर बंद होऊ शकतात, ती परत उघडत नाहीत. वर स्वतःचं टेस्टोस्टेरॉन त्या वयात जोरात, पहिलं वर्ष तसंही सगळ्यात जास्त देणारं. फुकट मिळणारे पाच-सात किलो तू विकत घेतोयस आणि फॅक्टरी पण बंद करतोयस. चौथ्या-पाचव्या वर्षी, नॅचरल खरंच आटल्यावर कोणी विचारलं तर निदान प्रश्न तरी समजतो, माझं उत्तर तेव्हा पण नाहीच असेल.

मित्राने नंतर ऑपरेशन करून घेतलं, सायकलच्या कितीतरी पट पैसे गेले, दीड महिना जिम बंद. आता पथकात परत उभा राहतो, पण खालच्या थरात नाही, दोरी आणि पोरांची हेल्मेटं सांभाळतो. परवा जिमच्या काट्यावर दोघं चढलो, तो ७१, मी ७०.