दिवाळीच्या तोंडावर तीन महिन्यांचे पैसे मागणारी मेस

नागपुरात शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी एकटे राहणाऱ्या आणि मेसवर अवलंबून असणाऱ्या मंडळींसाठी हा अनुभव लिहीत आहे, कारण आमची फसवणूक ज्या पद्धतीने झाली ती पद्धत कोणत्याही मेसमध्ये सहज वापरता येण्यासारखी आहे.

त्रिमूर्तीनगर परिसरातील एका भाड्याच्या फ्लॅटमध्ये ही मेस चालत असे. चालवणारे गृहस्थ अनेक वर्षे लग्नकार्यांचा स्वयंपाक केलेले आचारी होते आणि सगळे त्यांना महाराज म्हणत. त्यांच्या हाताला चव होती, हे आजही नाकारता येत नाही. आयटी पार्कमध्ये काम करणारे आम्ही आणि यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोलीकडून आलेले विद्यार्थी मिळून चाळीसएक मेंबर होतो. दोन वेळच्या जेवणाचे महिन्याला ३,००० रुपये, रविवारी संध्याकाळी सुट्टी आणि सलग काही दिवस गावी गेल्यास खाडे वजा, असा सरळ व्यवहार होता.

दिवाळीच्या दोन-तीन आठवडे आधी महाराजांनी जाहीर केले की सुट्टीनंतर दर वाढणार आहे. मात्र जे पुढच्या तीन महिन्यांचे पैसे आताच भरतील, त्यांना ९,००० ऐवजी ७,५०० रुपयेच पडतील. तेल आणि डाळ आत्ताच घाऊक भावाने इतवारीतून भरून ठेवायची आहे, असे कारण त्यांनी दिले. ते पटण्यासारखे होते आणि बहुतेकांनी पैसे भरले.

लक्ष्मीनगरात जुनी मेस चालवणाऱ्या एका काकूंनी नंतर या सवलतीचा हिशेब मला मांडून दाखवला. रविवारच्या सुट्ट्या वगळता महिन्यात साधारण ५६ जेवणे होतात, म्हणजे महिन्याला २,५०० रुपये घेतल्यास ताटामागे पंचेचाळीस रुपयेही मिळत नाहीत. चार पोळ्या, भाजी, वरण-भात एवढ्याच्या कच्च्या मालाला त्यांच्या मते बत्तीस रुपये लागतात. उरलेल्या बारा-तेरा रुपयांत फ्लॅटचे भाडे, १९ किलोचे व्यावसायिक सिलिंडर आणि पोळ्या करणाऱ्या बाईंचा पगार भागवायचा; मग आचाऱ्याच्या स्वतःच्या पदरात काही पडतच नाही. “एखादा महिना तोटा सोसून मेंबर जोडता येतात, पण तीन महिने असं कोणी खाऊ घालत नाही,” असे त्या म्हणाल्या. सवलत दिली जात होती ती न शिजवायच्या जेवणावर.

आता मागे पाहता स्वयंपाकघरातही बदल दिसत होते. ओट्याखाली तांदळाचा कट्टा असायचा, तेथे कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेल्या दोन-दोन किलोंच्या पिशव्या आल्या होत्या. पुढच्या महिन्यांची भरती करायची म्हणून पैसे घेणाऱ्याकडे दुसऱ्या दिवसापुरताही साठा नव्हता. पोळ्या करणाऱ्या बाई पगार थकल्यामुळे काम सोडून गेल्या होत्या. भिंतीवरच्या जुन्या क्यूआर कोडवर नवा कागद चिकटवला होता आणि पैसे पाठवताना महाराजांऐवजी भलत्याच व्यक्तीचे नाव येत होते. विचारल्यावर “भाच्याचं खातं आहे” एवढेच उत्तर मिळाले. मेसच्या कार्डावर रक्कम लिहून मिळाली, सही मात्र नाही.

दिवाळीला मेस बंद राहते आणि मेंबर आपापल्या गावी जातात, याचा त्यांनी पुरेपूर फायदा घेतला. आम्ही परतलो तेव्हा फ्लॅट रिकामा होता आणि फोन बंद. घरमालकांकडून कळले की महाराजांनी फ्लॅट सोडण्याची महिन्याभराची लेखी नोटीस आमच्याकडून पैसे घेण्यापूर्वीच दिली होती आणि शेवटचे भाडे अनामत रकमेतून वळते करून घेतले होते.

ही नोटीस सर्वांत महत्त्वाची ठरली. पोलीस ठाण्यात प्रथम आम्हाला हा पैशांच्या देण्याघेण्याचा दिवाणी वाद असल्याचे सांगण्यात आले. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणूक ठरण्यासाठी पैसे घेतानाच हेतू अप्रामाणिक होता हे दिसावे लागते. धंदा नंतर बुडाला तर तेवढ्याने तो गुन्हा होत नाही. त्यामुळे आम्ही नोटिशीची प्रत, प्रत्येकाच्या यूपीआय व्यवहाराची तारीख व क्रमांक आणि मेसच्या ग्रुपवरील सवलतीचा संदेश तारखेनुसार लावून एकत्रित अर्ज दिला, तेव्हा तो स्वीकारला गेला. ज्यांनी रोख पैसे दिले त्या विद्यार्थ्यांकडे सही नसलेल्या कार्डाशिवाय काहीच नाही आणि याचे मला फार वाईट वाटते, कारण घरून आलेल्या पैशांतून त्यांनी ते भरले होते.

जिल्हा ग्राहक आयोगातही तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंत दिलेल्या मोबदल्याच्या प्रकरणांत तेथे शुल्क लागत नाही. पण नोटीस पोहोचण्यासाठी समोरच्याचा पत्ता लागतो. तो आम्हाला घरमालकांकडच्या नोंदणीकृत भाडेकरारात मिळाला. त्यात महाराजांचा गावाकडचा कायमचा पत्ता होता आणि तक्रारीत आम्ही तोच दिला आहे. पैसे अद्याप परत मिळालेले नाहीत.