सरळ केसांचा फ्रिझ: स्टायलिंगपूर्वी सीरम, सिलिकॉनचे क्रीम की तेल?

सरळ केसांवर ड्रायर किंवा स्ट्रेटनर फिरवण्यापूर्वी काय लावावे, हा प्रश्न आमच्याकडे जळगावात लग्नसराई जवळ आली की हमखास निघतो. मी तिन्ही पर्याय वापरून एकावर स्थिरावले आहे. मात्र माझे केस बारीक, सरळ आणि खांद्याच्या थोडे खाली येणारे आहेत, तेव्हा ज्यांच्या केसांचा पोत वेगळा आहे त्यांनी माझे मत तेवढी सूट देऊनच वाचावे.

पहिली गोष्ट ही की सीरम आणि सिलिकॉन हे दोन परके पर्याय नाहीत. सीरमच्या बहुतेक बाटल्यांवर घटकांच्या यादीत आरंभीच सायक्लोपेंटासिलोक्सेन आणि पुढे डायमेथिकोन किंवा डायमेथिकोनॉल सापडते, आणि ही सगळी सिलिकॉनचीच रूपे. यांतला पहिला घटक केसांवर पसरून थोड्या वेळात उडून जातो आणि दुसऱ्याचा पातळ थर मागे राहतो. सिलिकॉनच्या क्रीममध्ये बहुधा अमोडायमेथिकोन असते, जे केसांच्या खरखरीत, खराब झालेल्या भागाला अधिक घट्ट धरते. रंगवलेल्या किंवा वारंवार इस्त्री झालेल्या केसांना ही पकड उपयोगी पडते. धडधाकट बारीक केसांना मात्र क्रीमचे वजनच जास्त जाणवते. शिवाय सौम्य शाम्पूने हा थर पुरता निघत नाही. केस धुताना ते भिजायलाच वेळ लागू लागला आणि वाळल्यावर हाताला मेणचट लागले, तर थर साचला आहे असे समजावे आणि एकदा जरा कडक शाम्पूने केस धुवावेत.

तेलाविषयी माझ्या मनात मुळीच अनादर नाही. खोबरेल तेल केसाच्या आत शिरते आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते, हे प्रयोगांतून दिसले आहे. रात्री लावून सकाळी न्हायचे असेल तर त्याला तोड नाही. स्टायलिंगपूर्वी लावले की मात्र त्याच गुणांची अडचण होते. तेल उडून जात नाही, आणि सरळ केसाला कुठे वळण नसल्यामुळे ते वरखाली सहज पसरते. तापलेल्या स्ट्रेटनरखाली तेलाचा वास सुटतो, प्रमाण जास्त झाले तर धूरही निघतो.

तरीही वास मी सोसला असता. माझा निर्णय झाला तो स्कार्फमुळे. मे महिन्यात, पारा चव्वेचाळीसच्या पुढे गेलेला असताना, खान्देशात स्कूटीवरून निघायचे म्हणजे डोके-तोंड स्कार्फने गच्च बांधणे आले. केवळ टोकांना लावलेले बदामाचे तेलसुद्धा त्या दमट उबेत वर चढे, कपाळाशी चिकटे, स्कार्फच्या कडेला पिवळट पट्टा उमटे, आणि कार्यालयात पोहोचून स्कार्फ सोडावा तर तासभर खपून सरळ केलेल्या केसांच्या चपट्या लटा झालेल्या असत. वर रस्त्याची धूळ त्यावर बसे ती निराळीच. क्रीमने हा त्रास निम्म्यावर आला. सीरमने, निदान माझ्यापुरता, जवळजवळ संपला.

सीरमचे यश प्रमाणावर ठरते. माझ्या लांबीच्या केसांना दोन थेंब पुरतात. केस धुऊन टॉवेलने दाबून टिपावेत, चोळू नयेत, कारण फ्रिझची निम्मी सुरुवात तिथेच होते. केस दमट असताना थेंब दोन्ही तळव्यांवर चोळून टोकांपासून लावायला आरंभ करावा आणि कानाच्या रेषेवर थांबावे. मुळांना सीरम लावू नये. तळव्यांवर उरेल तेवढेच भांगाजवळच्या उडत्या केसांवरून अलगद फिरवावे. दोन-तीन मिनिटे थांबून ड्रायरचा झोत मुळांकडून टोकांकडे धरावा. स्ट्रेटनर मात्र केस पूर्ण वाळल्यावरच घ्यावा. चर्र आवाज आला किंवा वाफ निघाली तर केसात पाणी उरले आहे, आणि ते तिथल्या तिथे उकळून केस आतून पोकळ करते. असे नुकसान कोणतेही सीरम भरून काढू शकत नाही.

सीरमचेही दोष आहेत. अंबाडा घालायचा असेल तर एक थेंब जास्त झाला तरी आकडे निसटतात आणि गजरा घसरतो. पावसाळ्यात हा थर हवेतली आर्द्रता केसात शिरण्याचा वेग कमी करतो, ती पूर्ण अडवत नाही, त्यामुळे श्रावणात सायंकाळपर्यंत थोडे केस उभे राहणारच. ज्यांचे केस जाड, रंगवलेले आणि कमरेपर्यंत लांब आहेत त्यांना क्रीम अधिक मानवेल, असे मला वाटते. त्यांनी ते वाटाण्याएवढे घेऊन फक्त खालच्या अर्ध्या भागाला लावून पाहावे.