आधी सगळं लिहून काढायचं, की प्रश्न आला की लिहायचं?

सीनियर लोकांकडे तेच तेच प्रश्न जातात म्हणून नॉलेज बेस करायचा ठरला की दोन रस्ते असतात. पहिला म्हणजे सीनियरना महिनाभर बसवून विषयवार सगळं लिहून घ्यायचं. दिसायला छान दिसतं, पण लिहिणारा स्वतःच्या शब्दांत लिहितो आणि शोधणारा त्याच्या अडचणीच्या शब्दांत शोधतो, तिथेच गाडी अडते. पानाचं नाव "खाते निष्क्रियता धोरण", आणि नवीन मुलगा टाइप करतो "पासवर्ड बरोबर आहे तरी लॉगिन होत नाही". सर्च साधा शब्द जुळवणारा असेल तर शून्य रिझल्ट, मग तो उठून सीनियरकडेच जातो ना!

दुसरा रस्ता, प्रश्न आला की उत्तर देतानाच पान बनवायचं, टायटल विचारणाऱ्याच्याच वाक्यात, खाली कारण (90 दिवस लॉगिन नाही म्हणून खातं बंद), मग काय करायचं ते, आणि चॅटमध्ये फक्त लिंक द्यायची. पुन्हा कोणी विचारलं तर त्याचे वेगळे शब्द त्याच पानात टाकायचे, दुसरं पान नाही, नाहीतर दोन पानांवर दोन उत्तरं होतात.

मी दुसराच घेईन. फक्त क्वचित लागणारं पण महत्त्वाचं काम, म्हणजे सर्व्हर बंद पडल्यावर बॅकअप परत आणणं वगैरे, त्याचा प्रश्न येईपर्यंत थांबून चालत नाही, ते पहिल्या पद्धतीनेच आधी लिहा. आणि शून्य रिझल्टवाल्या सर्चची यादी दर आठवड्याला बघा, पुढचं पान कुठलं ते तिथेच कळतं.