नुसती जोड की वेगळा सब-ब्रँड? ब्रँड वाढवतानाच्या दोन वाटा

एखादं उत्पादन लोकांच्या तोंडी रुळलं की दुसरं काढावंसं वाटतं, आणि पहिला वाद नावावरून होतो. आमच्यासमोर शेवटी दोन वाटा उरल्या. एक म्हणजे जुनं नाव तसंच ठेवून पुढे वस्तूचं काम सांगणारा साधा शब्द जोडायचा. दुसरी म्हणजे जुन्या नावाखाली एक नवं, घडवलेलं नाव द्यायचं, म्हणजे सब-ब्रँड. पूर्ण स्वतंत्र ब्रँड ही तिसरी वाट आहेच, पण पुन्हा शून्यापासून जाहिरात करायची ताकद असेल त्यानेच तिचा विचार करावा.

आमचं मूळ उत्पादन फरशी पुसायचं लिक्विड. ब्रँडचं नाव इथे 'अबक' धरू. पुढे काच पुसायचा स्प्रे, टॉयलेट क्लीनर आणि हँडवॉश काढायचं ठरलं. स्प्रेसाठी दोन प्रस्ताव होते: 'अबक ग्लास क्लीनर' आणि 'अबक झळक'. 'झळक' हेही मी बदललेलं नाव आहे, पण खरं नाव साधारण त्याच थाटाचं होतं.

सब-ब्रँडची बाजू आधी मांडतो, कारण ती कागदावर खरंच भक्कम दिसते. 'ग्लास क्लीनर' हे वर्णन आहे आणि वर्णनावर ट्रेडमार्कचा हक्क सहसा मिळत नाही. उद्या कोणीही तेच शब्द आपल्या बाटलीवर छापेल. 'झळक' मात्र नोंदवता येतं. शिवाय सांगितलं असं जातं, की नवं उत्पादन फसलं तर बट्टा 'झळक'ला लागतो, 'अबक' सुटतो. पुढे ते नाव वेगळं विकताही येतं. जाहिरातवाल्यांनाही घडवलेलं नाव आवडतं, कारण त्याभोवती काहीतरी रचता येतं. 'ग्लास क्लीनर' या शब्दांवर कोण कविता करणार?

आम्ही दोन्ही नावांची लेबलं छापली आणि थोडा थोडा माल दोन वेगळ्या भागांत पाठवला. आमचा कल ठरवणारी कटकट तिथे सुरू झाली. 'झळक' हा शब्द कोणी उच्चारतच नव्हतं. गिऱ्हाईक 'अबक' म्हणायचं, दुकानदार 'अबक' म्हणायचा आणि वितरकाच्या ऑर्डरमध्ये 'अबक नवीन', 'अबक निळं', नाहीतर नुसतंच 'अबक' लिहून यायचं. मग स्प्रे हवा होता तिथे फरशीचं लिक्विड पोचायचं आणि बॉक्स परत यायचे. प्रत्येक वेळी फोन करून 'नक्की कुठलं?' विचारावं लागायचं. लोकांना नाव आवडत नव्हतं असं नाही. त्यांना त्याची गरजच नव्हती. ओळखीचं नाव एक, आणि वस्तू काय ते सांगायला दुसरा शब्द. तिसऱ्याला जागा कुठे?

दुसऱ्या भागात लोक 'अबकचं काचेचं' म्हणत होते. लेबलवरचे शब्द जसेच्या तसे कोणी वापरत नव्हतं, पण ऑर्डर बरोबर येत होती, कारण वस्तूचं काम तर गिऱ्हाइकाला सांगावंच लागतं. जोड नावाची ताकद मला वाटतं इथेच आहे. मी हे मोजलेलं नाही, आणि मोठ्या जाहिरातीने 'झळक' लोकांच्या तोंडी बसलंही असतं कदाचित. पण त्या जाहिरातीचा खर्च नवं नाव शिकवण्यात गेला असता, स्प्रे विकण्यात नाही.

यातून बट्टा न लागण्याचा मुद्दाही मला लंगडा वाटायला लागला. लोक नव्या वस्तूला 'अबक'च म्हणत असतील, तर ती फसल्यावर दोष कोणाला देतील? सब-ब्रँड ढालीसारखा उपयोगी पडायचा असेल तर आधी लोकांनी त्या नावाने हाक मारायला हवी.

ऑनलाइन विक्रीत हीच गोष्ट वेगळ्या रूपात दिसते. मोबाइलवर उत्पादनाचं शीर्षक मध्येच कापलं जातं. 'अबक झळक' एवढं दिसतं आणि ही वस्तू कशासाठी आहे ते कापलेल्या भागात राहतं. 'अबक ग्लास क्लीनर' कापलं गेलं तरी निदान 'ग्लास' वाचलेला असतो.

मोठ्यांकडे पाहिलं तर कोका-कोलाचा इतिहास या वादासाठी चांगला आहे. त्यांनी १९६३ मध्ये कमी कॅलरीचं पेय काढलं तेव्हा मूळ नावाला हात न लावता त्याला 'टॅब' हे निराळं नाव दिलं. मूळ नावाला जोड देऊन 'डाएट कोक' आलं ते १९८२ मध्ये, आणि पुढे 'टॅब'ला मागे टाकून गेलं. २०२० मध्ये 'टॅब' बंदही झालं. मला त्याहून बोलका वाटतो तो २००५ चा 'कोका-कोला झीरो'. नाव सुटसुटीत, लक्षात राहणारं. पण झीरो म्हणजे काय झीरो? त्यात साखर नाही हे अनेकांना कळतच नव्हतं. शेवटी ब्रिटनमध्ये २०१६ मध्ये आणि अमेरिकेत २०१७ मध्ये त्याचं 'झीरो शुगर' झालं. एवढ्या जाहिरातीनंतरही त्यांना साधा शब्द जोडावा लागला, हे पाहून मला बराच धीर आला.

जोडशब्द निवडताना एक पथ्य मात्र पाळावं लागतं. तो कामाचा हवा, थोरवीचा नको. 'प्लस', 'अल्ट्रा', 'प्रो' लावलं की गिऱ्हाईक विचारतं, 'मग साधं वाईट आहे का?' आणि मूळ मालाचाच भाव उतरतो.

आता पॅकिंग. जोड नावाची वाट धरली की सगळ्या बाटल्यांचा चेहरा एकसारखा ठेवायचा मोह होतो, आणि या वाटेचा खरा धोका तिथेच आहे. सब-ब्रँडवाल्यांचा हा आक्षेप मला मान्य आहे. नाव जितकं सारखं, तितकी चुकीची बाटली उचलली जाण्याची शक्यता जास्त. म्हणून काय सारखं ठेवायचं आणि काय वेगळं, हे डिझायनरकडे जाण्याआधी कागदावर लिहून काढलेलं बरं.

आम्ही लोगोची जागा, त्याचा आकार, त्यामागचा पट्टा आणि अक्षरांचं वळण हे पक्कं ठेवलं. ओळख एवढ्यातून पटते. बदलती ठेवली ती झाकणाचा व खालच्या मोठ्या भागाचा रंग, वापराचं चित्र आणि कामाचा शब्द. तो शब्द लोगोच्या निम्म्याहून लहान होऊ द्यायचा नाही, असंही ठरवलं. डिझायनर तो हमखास लहान करतात, कारण लहान छान दिसतो.

रंगात एक गुंता असतो. आमच्या फरशीच्या लिक्विडमध्ये आधीपासून वेगवेगळे सुगंध होते आणि लिंबाचं लेबल पिवळं होतं. काचेला निळा आणि टॉयलेटला पिवळा रंग दिला असता, तर पिवळा म्हणजे लिंबू की टॉयलेट? रंगाला एकच अर्थ असावा. आम्ही रंग कामाला दिला आणि सुगंध कोपऱ्यातल्या छोट्या चित्रापुरता ठेवला. त्यासाठी लिंबाचं जुनं लेबल बदलावं लागलं. ते सोपं नव्हतं, पण उत्पादनं वाढल्यावर करणं आणखी अवघड गेलं असतं.

रंग बदलला की लोकांना आतला मालच बदलल्यासारखा वाटतो, हेही लक्षात ठेवावं. २०११ च्या हिवाळ्यात कोका-कोलाने नेहमीच्या पेयाचे पांढरे कॅन काढले होते. लोकांनी ते डाएट कोकचे चंदेरी कॅन समजून घेतले, काहींना चवही वेगळी लागली, आणि कंपनी पुन्हा लाल रंगाकडे वळली. म्हणून नवं उत्पादन बाजारात येत असताना मूळ बाटलीचा मुख्य रंग हलवू नये. नव्याने जुन्यासारखं दिसावं, जुन्याने नव्यासारखं नाही.

लेबल पक्कं करण्याआधी सगळ्या बाटल्यांचा एकत्र फोटो काढून काळ्या-पांढऱ्यात छापून बघा. दोन बाटल्या सारख्याच करड्या दिसल्या तर रंगांचा फरक फक्त नावापुरता आहे. कमी उजेडात, किंवा लाल-हिरव्यातला फरक न कळणाऱ्या माणसाला, त्या सारख्याच दिसणार. आमचे हिरवा आणि लाल असेच एका छटेचे निघाले. हिरवा बराच फिका केला. दुसरी तपासणी म्हणजे घरातल्या कोणाला तरी 'काचेचं आण' एवढंच सांगायचं आणि हात आधी कुठे जातो ते पाहायचं. माणूस आधी रंग आणि आकार बघतो, अक्षरं नंतर वाचतो.

टॉयलेट क्लीनरच्या बाबतीत मात्र एकसारखेपणाला हद्द घालावीच लागते. त्यात बहुधा आम्ल असतं. ते सोडियम हायपोक्लोराइटच्या ब्लीचमध्ये मिसळलं तर क्लोरीन वायू सुटतो. त्यामुळे पट्टा आणि लोगो तोच ठेवला, तरी बाटलीचा साचा पूर्ण वेगळा घेतला: वाकडी मान, मुलांना सहज न उघडणारं झाकण. नव्या साच्याचा खर्च आम्हाला टोचला. पण इथे गोंधळ म्हणजे परत आलेला बॉक्स नव्हे, तर कोणाच्या तरी बंद बाथरूममधला वायू.

राहिलं हँडवॉश, आणि इथे माझी आवडती वाट मला स्वतःलाच पटत नाही. 'अबक हँडवॉश' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर फरशी येते. फरशीवर कडक असणं हा ब्रँडचा गुण, हातावर तोच दोष. अशी जुनी ओळख नव्या वस्तूच्या आड येत असेल, तर मी सब-ब्रँड घेईन. नवं नाव मोठं, 'अबक' खाली बारीक आणि पॅकिंग बऱ्यापैकी निराळं. किमतीचा थर फार वर किंवा खाली जाणार असेल तरीही असंच करावं असं वाटतं. बाकी काच, ओटा, बाथरूम या एकाच जातीच्या कामांना घडवलेलं नाव देऊन काय मिळतं, ते मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही.

अजूनही निर्णय होत नसेल तर सुचलेलं नाव नोंदवून ठेवा, पण बाटलीच्या दर्शनी भागावर आधी कामाचा शब्दच छापा. लोक आपणहून नवं नाव मागायला लागले तर ते पुढच्या छपाईत मोठं करता येतं. उलट करायचं झालं, तर आधी छापलेली लेबलं आणि वितरकांकडचा जुना माल संपेपर्यंत एकाच वस्तूची दोन नावं बाजारात फिरत राहतात, आणि ऑर्डरच्या कागदावर तिसरंच काहीतरी लिहून येतं.