विजया, दीक्षा की सातेरी? कबड्डीवाल्या कादंबरीतल्या पोरीचं नाव

तुझी नायिका गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली, शाळेच्या मातीच्या ग्राउंडवरून सुरुवात करून इंडिया कॅम्पपर्यंत जाणारी, आणि नावं तीन उरलीयत, तर मी सरळ सांगतो.

विजया पहिली काढ. अर्थ आधीच शेवट सांगून टाकतो हे एक, पण खरी अडचण विभक्तीत येते. ‘विजयाचा आनंद’ म्हणजे तिचा आनंद की मॅच जिंकल्याचा? ‘विजयाने टीम सावरली’ हे पण तसंच. स्पोर्ट्सच्या गोष्टीत विजय हा शब्द पानापानावर येणार, दर वेळी वाचक अडखळणार, आणि तू वाक्यं फिरवत बसणार.

दीक्षा खरं वाटतं. दोन हजारनंतर जन्मलेल्या पोरींत हे नाव आपल्याकडे भरपूर, शाळेच्या कॅटलॉगमध्ये सहज बसतं, बेंचवरून ‘दीक्षा गो, बोनस घे!’ असं एका दमात ओरडता येतं. चढाई ३० सेकंदांची, त्यात लांब नाव कोण घेणार? पण नॅशनल कॅम्पमध्ये दुसऱ्या राज्यातली आणखी एखादी दीक्षा असणं अगदी शक्य आहे, मग हिला सगळे ‘गोवावाली’ म्हणणार. तुला तो सीन हवा असेल, म्हणजे स्वतःचं नाव हरवून ते परत कमावणं, तर दीक्षाच ठेव, त्यातून चांगलं प्रकरण निघेल.

माझं मत मात्र सातेरीला. आपल्या गावागावात सातेरीचं देऊळ, तिची पूजा वारुळाच्या रूपात, म्हणजे देवीच मातीची, आणि ही पोर मातीवर शिकून पुढे मॅटवर जाते. पायाची पकड बदलते, शूज घालावे लागतात, मातीवर जमणारी चाल मॅटवर घसरते, तिथे हे नाव न सांगता काम करतं, फक्त तू ते कुणाच्या तोंडून समजावून सांगू नकोस. आजीच्या हट्टाने ठेवलेलं म्हण, कारण आजच्या मुलीला हे नाव क्वचितच असतं आणि बेळगावकडे तर ते पुरुषांचं पण असतं, कॅम्पच्या यादीत कुणीतरी मुलगा समजेल, तो घोळ वापरता येईल. ग्राउंडवर तीन अक्षरं जड होतात म्हणून मैत्रिणी ‘साती’ म्हणतील, घरी ‘साते गो’, अनाउन्सर पूर्ण नाव घेईल. एकाच पोरीला तीन ठिकाणी तीन हाका, हे दीक्षात मिळत नाही.

एकच सांभाळ, खेळाडू सात असतात म्हणून सातीला सात नंबरची जर्सी देऊ नकोस. आणि टीममध्ये दुसरी सरिता, सानिया नको, चढाईच्या धावपळीच्या पानांवर ‘स’ने सुरू होणारी दोन नावं वाचताना एकमेकांत मिसळतात. आडनाव गावस चालेल, सत्तरीत ते सहज खपतं.