हार्डवेअर दुकानाचं बंद पडलेलं पेज: परतीची पोस्ट कोणती, पहिला महिना कसा

दापोली-मंडणगड पट्ट्यातलं एक तीसेक वर्षं जुनं हार्डवेअर दुकान डोळ्यासमोर धरू. फेसबुक पेजवर हजारभर फॉलोअर्स आहेत. शेवटची पोस्ट जून 2020 ची आहे. 3 जूनला निसर्ग वादळ येऊन गेलं होतं, पत्र्यांसाठी धावाधाव चालू होती आणि दुकानाने 'पत्रे आले आहेत' म्हणून भावासकट टाकलं होतं. त्यानंतर शांतता. आता एप्रिल आहे, चाकरमानी गावी यायला लागतील आणि पावसाला सात-आठ आठवडे आहेत. पेज उघडायला यापेक्षा चांगला मुहूर्त वर्षात दुसरा नाही. निर्णय तीन आहेत: पेज जुनंच ठेवायचं की नवं, पहिली पोस्ट कशी लिहायची आणि महिनाभर किती टाकायचं.

जुनं पेज की नवं

जुन्या पेजवर पूर्ण अधिकार असलेलं एक तरी प्रोफाइल घरात किंवा दुकानात असेल, तर जुनंच चालवा. गावातले फॉलोअर्स, लोकांनी लिहिलेले अभिप्राय आणि 'इथे आलो होतो' म्हणून टाकलेल्या खुणा नव्या पेजवर आपोआप येत नाहीत. दोन पेजं एकत्र करायची सोय आहे, पण त्यात एका पेजच्या पोस्ट आणि अभिप्राय कायमचे जातात. नवं पेज फक्त एका कारणासाठी काढावं: ज्या मुलाने पेज बनवलं होतं तो नोकरी सोडून गेला, त्याचं खातं बंद आहे आणि दुसरा कोणी ॲडमिन नाही. तो पुण्यात किंवा दुबईत असला तरी आधी त्याला फोन करा. त्याने पाच मिनिटांत मालकाच्या प्रोफाइलला अधिकार दिले तर बाकीची कटकट वाचते. अधिकार निदान दोघांकडे ठेवा.

पहिल्या पोस्टआधी साफसफाईला एक संध्याकाळ द्या. फोन नंबर, वेळा, साप्ताहिक सुट्टी आणि नकाशावरची खूण तपासा. नकाशाच्या ॲपमध्ये एक वेळ आणि पेजवर दुसरी असेल, तर लांबच्या वाडीतला माणूस दुपारी बंद शटरसमोर येऊन उभा राहतो. 2020 ची पत्र्यांची पोस्ट पुसू नका, वादळानंतर दुकान उभं होतं याचा तो पुरावा आहे. मात्र ती एडिट करून सर्वात वर 'हे भाव जून 2020 चे आहेत' अशी ओळ घाला. पेज जागं झालं की लोक खाली स्क्रोल करतात, आणि तो भाव काउंटरवर दाखवणारा कोणीतरी निघतोच.

परतीची पोस्ट: तीन नमुने

पहिला नमुना सगळ्यांच्या ओळखीचा आहे:

> नमस्कार! गेली तीस वर्षे आपल्या सेवेत असलेले आपले हक्काचे दुकान आता नव्या जोमात पुन्हा आपल्या भेटीला! हार्डवेअर, प्लंबिंग, पेंट्स, सर्व काही एकाच छताखाली. एकदा अवश्य भेट द्या.

हा मजकूर कोणत्याही दुकानाला चिकटतो, हाच त्याचा दोष. वाचणाऱ्याला विचारण्यासारखं काही सापडत नाही, म्हणून तो अंगठा देऊन पुढे जातो. शिवाय 'पुन्हा भेटीला' वाचून अर्ध्या लोकांना वाटतं की दुकान मधे बंद होतं. असा मजकूर बहुतेक वेळा रंगीत बॅनरवर छापलेला असतो. चित्रातल्या नंबरवर बोट ठेवून फोन लागत नाही, तो पाठ करून पुन्हा टाइप करावा लागतो.

दुसरा नमुना जुन्या फोटोचा: लाकडी फळ्यांचं दुकान, काउंटरमागे तरुणपणीचे मालक. यावर 'काकांना नमस्कार', 'आमच्या घराचे कडी-कोयंडे इथलेच' अशा भरपूर कमेंट येतात. त्या उपयोगाच्या आहेत, कारण ओळखीच्या माणसांनी कमेंट केल्या की पोस्ट त्यांच्या ओळखीच्यांनाही दिसायची शक्यता वाढते. पण या पोस्टवर कोणी मालाचं विचारत नाही.

तिसरा नमुना कामाचा:

> दुकान चालूच होतं, पेज मात्र 2020 पासून बंद होतं. आता ते पुन्हा उघडलं आहे.
> वेळ: सोमवार ते शनिवार 9 ते 1 आणि 3.30 ते 8. रविवारी 9 ते 1.
> पावसाआधीच्या कामाचा माल आला आहे: गच्चीचं वॉटरप्रूफिंग, पत्र्याचे स्क्रू आणि वॉशर, पीव्हीसी पन्हळ, ताडपत्री 9×12 पासून 18×24 फुटांपर्यंत.
> मुंबईहून येणाऱ्यांनी कामाचं माप आणि फोटो व्हॉट्सॲपवर पाठवावा. यादी आणि त्या दिवसाचा भाव कळवू, ठरलेला माल 3 दिवस बाजूला काढून ठेवू.
> पेजवरचा जुना नंबर बंद आहे. नवा नंबर खाली आहे.

सोबत एकच फोटो द्या: सकाळच्या उजेडात उघडं शटर, पुढे रचलेल्या ताडपत्र्या आणि वर पाटी वाचता येईल अशी. पहिली पोस्ट हीच टाका आणि महिनाभर पेजच्या वर पिन करून ठेवा. जुना फोटो चार-पाच दिवसांनी येऊ दे. उलट क्रम लावला, तर कमेंट वाचून पेजवर आलेल्या माणसाला वर काहीच कामाचं दिसत नाही आणि आलेली गर्दी फुकट जाते.

पोस्टमध्ये भाव घालायचा का? डब्यावर एमआरपी छापलेली असेल तर घाला. पत्रा, सळई, सिमेंट आणि पीव्हीसी पाइपचे भाव हलतात, म्हणून तिथे आकडा टाकू नका. नुसतं 'भावासाठी संपर्क करा' म्हटलं की लोक चिडतात हेही खरं. त्यावर तोड म्हणजे 'माप पाठवा, आजचा भाव कळवतो'. यात गिऱ्हाइकाला करायला एक काम मिळतं आणि दुकानदार जुन्या आकड्यात अडकत नाही.

रोज एक की आठवड्याला दोन

| | रोज एक पोस्ट | आठवड्याला दोन |
|---|---|---|
| महिन्याच्या पोस्ट | 30 | 8 ते 9 |
| मजकूर | सणांच्या शुभेच्छा, कंपनीचे तयार बॅनर | स्वतःचे फोटो, मापं, वापर |
| कुठे अडतं | दुसऱ्या आठवड्यात विषय संपतात | उत्तराला उशीर झाला की |
| कोणाला जमेल | पेजसाठी वेगळा माणूस असेल तर | मालक आणि एक मुलगा |

रंगाच्या कंपन्या विक्रेत्यांना तयार चित्रं देतात, त्यामुळे रोजची योजना स्वस्त वाटते. पण तीच चित्रं खेड आणि मंडणगडच्या दुकानांच्या पेजवरही असतात. लोकांनी ती ओलांडली की कामाची पोस्टही त्याच वेगाने ओलांडली जाते. दोन माणसांच्या दुकानाने आठवड्याला दोनच धराव्यात आणि उरलेला वेळ उत्तरांना द्यावा. प्रश्न बहुतेक रात्री येतात, तर सकाळी 9 ते 11 काउंटरवर मिस्त्री-प्लंबरांची गर्दी असते. म्हणून दुपारी दुकान बंद असताना आणि रात्री बंद केल्यावर अशा दोनच वेळा ठरवून एकाच माणसाने उत्तरं द्यावीत. दोघांनी दिली की दोन भाव जातात.

विषयांचा क्रम विक्रीच्या आकड्यावर लावू नका. ज्या कामाला जास्त दिवस लागतात ते आधी.

20 एप्रिलच्या आठवड्यात परतीची पोस्ट आणि जुना फोटो. दुसऱ्या आठवड्यात गच्ची, कारण वॉटरप्रूफिंगला कोरडा पृष्ठभाग लागतो. आधी शेवाळ खरवडायचं, भेगा भरायच्या, मग दोन हात, आणि प्रत्येक हात डब्यावर लिहिलेल्या वेळेइतका वाळू द्यायचा. जूनमध्ये डबा नेणाऱ्याला हे जमत नाही. मग ओलाव्यावर लावलेला थर फुगतो, सुटतो आणि खापर दुकानावर फुटतं.

तिसऱ्या आठवड्यात पत्रा. इथे एकच फोटो पुरे: तीन वॉशर शेजारी-शेजारी ठेवा. एक नवा, एक उन्हाने कडक होऊन तडकलेला, एक जास्त आवळल्याने कडेने बाहेर आलेला. खाली लिहा की स्क्रू नालीच्या उंचवट्यावर बसवावा, खोलगटात पाणी त्यावरूनच वाहतं. आणि वॉशर नुकता दबला की थांबावं. उंचवट्यावर बसवायचा म्हणजे स्क्रूची लांबी नालीच्या उंचीवर ठरते, तेव्हा 'पत्र्याचा आडवा फोटो पाठवा' असं सांगा. प्रश्न यायला लागतात ते इथूनच.

चौथ्या आठवड्यात ताडपत्री, आणि तीही हिशोबासकट. पडवीची उघडी बाजू 14 फूट लांब, 7 फूट उंच आहे. झड आत येऊ नये म्हणून दोन्ही अंगांना आणि वर-खाली एकेक फूट वाढवला की 16×9 होतात. त्या मापाची तयार मिळत नसेल तर 12×18 घ्यावी, खालचा जादा भाग बांबूला गुंडाळावा, म्हणजे वाऱ्याने फडफडत नाही. कड्या 3 फुटांवर असतील तर 18 फुटांच्या वरच्या कडेला 7 येतात. एका गाठीला 4 फूट धरले तर 28 फूट दोरी झाली. खालच्या बांबूची वेगळी. कडा दुमडलेल्या असल्याने ताडपत्री लिहिलेल्या मापापेक्षा थोडी कमी भरते हेही त्यातच सांगा, नाहीतर माल परत येतो.

पैसे टाकून पोहोच वाढवायची का

पहिल्याच दिवशी नको. बूस्ट करायचंच असेल तर वॉशरची पोस्ट चार-पाच दिवसांसाठी करा आणि फक्त तालुका निवडा. 'मुंबई' निवडलं की पैसे अशा लोकांवर जातात ज्यांचं दापोलीत घरच नाही. विरार, नालासोपारा, दिव्यातल्या आपल्या माणसांपर्यंत गावच्या मुंबई मंडळांचे व्हॉट्सॲप ग्रुप जास्त नेमके पोहोचवतात. मंडळाच्या कोणा पदाधिकाऱ्याला विचारून तिथे पिन केलेली पोस्ट एकदाच टाका. दर आठवड्याला टाकली तर काढून टाकतील, आणि बरोबरच करतील.

पेजचा फायदा लाइकवरून कळत नाही. पेजवर अशी लिंक द्या, X च्या जागी आपला नंबर:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=PAGE
```

यावरून येणाऱ्याच्या चौकटीत PAGE हा शब्द आधीच टाइप झालेला असतो. मंडळांच्या ग्रुपवर तीच लिंक MANDAL लिहून द्या. वहीत तीन रकाने आखा: कुठून आला, काय विचारलं, माल गेला का. काही जण तो शब्द पुसून पाठवतात, त्यांना विचारून घ्या.

20 मेला वही बघा. चौकशा बऱ्याच आणि विक्री कमी असेल, तर उत्तर किती वेळाने गेलं ते आधी तपासा, पोस्टला दोष नंतर द्या. चौकशाच नसतील तर पोस्ट वाढवून उपयोग नाही; मंडळाच्या ग्रुपवर वॉशरचा फोटो पाठवून बघा. दोन्ही बरं चाललं असेल तर जूनमध्ये आठवड्याला एकच पोस्ट पुरते, कारण पाऊस लागल्यावर लोक पेज बघत बसत नाहीत, थेट फोन करतात. तेव्हा पिन केलेल्या पोस्टमधली मालाची यादी बदला आणि वीज गेली तर लागणारा दुसरा नंबर तिथे घाला.