हनोईचा मनोरा: रिकर्शनवर थांबावं की इंडक्शनपर्यंत जावं?

तीन खुंट्या. एकीवर चकत्यांची उतरंड, सर्वांत मोठी तळाला. एका वेळी वरची एकच चकती उचलायची, लहान चकतीवर मोठी ठेवायची नाही आणि अख्खी उतरंड तिसऱ्या खुंटीवर न्यायची. कमीत कमी किती चाली लागतील? फ्रेंच गणिती एदुआर ल्युका यांनी 1883 मध्ये हे कोडं बाजारात आणलं आणि सोबत काशीच्या देवळातल्या 64 सोन्याच्या चकत्यांची गोष्टही जोडून दिली. गोष्ट रचलेली, पण आकडा खरा.

उत्तर लिहिण्याच्या दोन वाटा आहेत: n चकत्यांवरून n−1 वर उतरणारा संबंध मांडायचा, म्हणजे रिकर्शन, किंवा थेट सूत्र देऊन ते इंडक्शनने (गणिती विगमनाने) सिद्ध करायचं. कुठली घ्यावी हे ठरवण्याआधी प्रत्येकीत खरं काम कुठे होतं ते पाहू.

n चकत्यांना लागणाऱ्या किमान चाली h(n) म्हणू. तळाची चकती कधी ना कधी हलणारच. ती हलते त्या क्षणी तिच्यावर काही नसतं आणि ती जिथे जाते ती खुंटी रिकामी असते. म्हणजे बाकीच्या n−1 चकत्या उरलेल्या एकाच खुंटीवर रचलेल्या असणार. तिथवर पोचायला निदान h(n−1) चाली, तळाचीची निदान एक, आणि तिच्या शेवटच्या हालचालीनंतर बाकीच्या तिच्यावर आणायला पुन्हा निदान h(n−1). याच क्रमाने खेळलं तर तेवढ्यात कामही होतं. म्हणून

```
h(n) = 2*h(n-1) + 1,   h(1) = 1
```

बहुतेक वह्यांमध्ये फक्त शेवटचा भाग असतो: 'असं केलं की जमतं'. त्याने एवढंच कळतं की h(n) याहून जास्त नाही. कमीही नाही, हे त्या 'निदान'मुळे ठरतं. मी तपासायला बसलो की आधी तोच शब्द शोधतो.

या संबंधातून 1, 3, 7, 15, 31 असे आकडे निघतात. मात्र 64 पर्यंत जायचं तर प्रत्येक पायरी चढावी लागते. संगणकाला त्याचं काही नाही, फक्त `2*h(n-1)` लिहा. `h(n-1)+1+h(n-1)` लिहिलंत तर तोच हिशोब दोनदा होतो, प्रत्येक पायरीला काम दुप्पट होतं आणि 64 ला प्रोग्राम परतच येत नाही.

सूत्र आहे h(n) = 2ⁿ − 1. सिद्धता दोन ओळींची: n = 1 ला 1 येतं, आणि h(k) = 2ᵏ − 1 मानलं तर h(k+1) = 2(2ᵏ − 1) + 1 = 2ᵏ⁺¹ − 1. पण सूत्र शोधून देणं हे इंडक्शनचं काम नाही, ते आपणच हातात आणून द्यायचं असतं. इथे प्रत्येक आकड्यात 1 मिळवला की 2, 4, 8, 16 दिसतात, म्हणून सोपं गेलं. फक्त 1, 3, 7 पाहून कुणी n² − n + 1 म्हणालं, तर? तिन्ही आकडे जुळतात! पायरी तपासली की मात्र दोन बाजूंत (k−1)(k−2) इतका फरक निघतो: k = 1 आणि 2 ला शून्य, 3 ला 2. म्हणून चार चकत्यांना हे सूत्र 15 ऐवजी 13 सांगतं. पहिली पायरी गाळणंही महागात पडतं. 3·2ⁿ − 1 हे सूत्र k वरून k+1 वर बिनतक्रार जातं, फक्त एका चकतीला 5 चाली सांगतं.

तेव्हा माझा कौल असा. आकडा किती झपाट्याने वाढतो हे सांगायचं असेल तर सूत्रच हवं. सेकंदाला एक चाल धरली तर 64 चकत्यांना सुमारे 58,500 कोटी वर्षं, हे संबंधाकडे पाहून दिसत नाही. परीक्षेत 'सिद्ध करा' असेल तर दोन्ही लिहा, आधी संबंध. कारण इंडक्शनला चकत्या दिसतच नाहीत, ते त्या संबंधावरच उभं असतं.

नियम बदलण्याची शक्यता असेल तर मात्र मी डोळे मिटून रिकर्शन घेईन. समजा, चकती शेजारच्याच खुंटीवर जाऊ शकते, पहिलीवरून थेट तिसरीवर नाही. आता तळाची दोनदा हलते आणि वरची उतरंड तीनदा टोकाकडून टोकाकडे जाते: g(n) = 3g(n−1) + 2, g(1) = 2. इथेही 1 मिळवा, 3, 9, 27 येतात, म्हणजे g(n) = 3ⁿ − 1. दोन चकत्यांना 8 चाली. मी डब्यांची दोन झाकणं घेऊन पाहिलं: लहान मधे, लहान पलीकडे, मोठं मधे, लहान मधे, लहान अलीकडे, मोठं पलीकडे, लहान मधे, लहान पलीकडे. दोन झाकणं तीन जागी ठेवण्याच्या रीती नऊच, आणि या आठ चालींत सुरुवातीची धरून नऊच्या नऊ एकेकदा येऊन जातात.